बोलायच्या आधी आवाज कापतो, तोंड कोरडं पडतं

"मीटिंगमध्ये माझा नंबर जवळ आला की जीभ टाळूला चिकटते आणि पहिल्याच वाक्याला आवाज कापायला लागतो. मोठे मोठे श्वास घेऊन बघितले, पाणी पिऊन बघितलं, काहीच फरक नाही. काय करू?"

हे विचारणारी मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मी तिला म्हटलं, आत्ता नंबर आलाय असं समज आणि नेहमी करतेस ते करून दाखव. तिने तोंड उघडून तीन-चार जोरात श्वास आत घेतले, खांदे कानापर्यंत वर, आणि शेवटचा श्वास तसाच धरून बोलायला लागली. घोळ इथेच होता.

घाबरल्यावर अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि पचनाची कामं शरीर मागे टाकतं, त्यात लाळही आली, पातळ लाळ कमी होते आणि तोंड चिकट लागतं. त्यावर तोंडाने श्वास ओढला की उरलीसुरली ओलही सुकते. आवाजाचं म्हणाल तर स्वरतंतूंना खालून एकसारखी हवा लागते, पण छाती आधीच गच्च भरलेली, घसा आवळलेला, मग हवा धक्क्याधक्क्याने सुटते आणि आवाज हलतो. सारखे मोठे श्वास घेतले तर वर चक्कर आणि बोटांना मुंग्या येतात, तिला त्याही येत होत्या आणि तिला वाटायचं भीती अजून वाढली.

म्हणून आम्ही उलटं केलं. आधी श्वास सोडायचा, दातांतून 'स्स्स' करत, हळू, सात-आठ आकडे होईपर्यंत, खांदे खाली. मग तोंड मिटून नाकाने आपोआप येईल तेवढाच आत घ्यायचा. असं चार-पाच वेळा, आणि मध्ये जीभ दातांवरून आतून फिरवायची, तोंड थोडं चावल्यासारखं हलवायचं, त्याने लाळ सुटते. पाणी एक घोट, तोंडात क्षणभर फिरवून. 'स्स्स' तुटत तुटत येत असेल तर अजून एकदोन वेळा करायचं, एकसारखा आला की समजायचं आवाजही टिकेल. पहिलं वाक्य मात्र पाच-सहा शब्दांचंच ठेवायचं, मी यावर खूप अडून बसते, कारण लांब वाक्यात श्वास संपतो आणि कापरं परत येतं.

बोलता बोलता कळलं की मीटिंगच्या दिवशी ती सकाळी सर्दीची गोळी घ्यायची, आणि अशा काही गोळ्यांनी तोंड अजून कोरडं पडतं. डॉक्टरांना विचारून ती बदलली.

पुढच्या मीटिंगनंतर म्हणाली, छाती धडधडत होतीच, हातही थोडे थरथरले, पण पहिलं वाक्य सरळ गेलं. एवढं अपेक्षितच होतं, कारण यामुळे अ‍ॅड्रेनालिन लगेच नाहीसं होत नाही. पण घरी निवांत बसल्यावरही आवाज कापत असेल किंवा तोंड दिवसभर कोरडं राहत असेल तर ते वेगळं आहे, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि धडधडीची गोळी कुणाची मागून घेऊ नका, दमा असणाऱ्यांना त्यातल्या काही धोक्याच्या असतात.