झोपताना मुलाला सांगायला एक छानशी गोष्ट सांगा ना, आजच हवी आहे

गोष्ट देतो, पण जरा खाली. आधी भांडून घेतो, कारण नेमकी अशीच मागणी सात वर्षांपूर्वी माझ्या ताईने फोनवरून केली होती आणि त्या रात्री मी पावणेएकपर्यंत जागा होतो.

ताईला कामासाठी दोन रात्री बाहेरगावी जावं लागलं. भाऊजी आधीच दौऱ्यावर. भाच्याला माझ्याकडे सोडलं. मी तेव्हा एकटा राहत होतो आणि मूल झोपवणं सोडाच, त्याचे बूटही मी उलटेच घालत होतो. रात्री फोन करून विचारलं, "ताई, काय सांगू याला?" ती म्हणाली, "अरे, कुठलीही सांग. गोष्ट ती गोष्ट." फोन बंद.

पोरगं अंगाने थोराड होतं. मी मनाशी पाच वर्षं धरली आणि सुरू झालो. कुत्र्याचं एक पिल्लू जंगलात वाट चुकतं, अंधार पडतो, ते गुहेत शिरतं, बाहेरून कुणीतरी गुरगुरतं, आणि शेवटी आई त्याला शोधून काढते. मला फार अभिमान वाटत होता. शेवट गोड आहे, मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते मधेच. गोष्ट संपून पाच मिनिटं झाली तरी तो विचारत होता, "आई कधी भेटणार?" मी दर वेळी सांगत होतो, "अरे, भेटली ना! शेवटी भेटलीच की." हे चौथ्यांदा सांगताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो पिल्लाच्या आईबद्दल विचारतच नव्हता.

त्याचं वय होतं तीन वर्षं तीन महिने. या वयाच्या पोराला 'शेवटी सगळं नीट होतं' या आश्वासनावर मधली भीती काढता येत नाही. आपण गोष्ट पूर्ण बघत असतो, ते मात्र आत्ता जे चाललंय त्यातच असतं. गुहेपाशी आलं की ते गुहेपाशीच थांबतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तीच गुहा आवडली असती, कारण गोष्टीतला नायक मरत नाही हे त्याला एव्हाना कळलेलं असतं. म्हणून वय विचारायचं. आणि वयाइतकंच हेही विचारायचं की आज घरात काय घडलंय. आई गावाला गेलेली असताना आई हरवल्याची गोष्ट सांगणारा शहाणा मीच. पण मला ते सुचवायचं काम कुणाचं होतं?

दुसरी भानगड भाषेची. भाऊजींची भाषा वेगळी, त्यामुळे त्यांच्या घरात दिवसभर तीच चालायची. मराठी फक्त ताईच्या तोंडून. त्यामुळे पोराला 'ये', 'जेव', 'अंघोळ', 'मारीन हं' हे सगळं उत्तम समजायचं, पण 'गुहा', 'पाऊलवाट' आणि 'किर्र' म्हणजे त्याला कोडीच. डोळे मिटायला आले की एक नवा शब्द यायचा आणि तो ताडकन उठून बसायचा, "म्हणजे?" मी हाताने गुहा करून दाखवायचो. दिवसा नवा शब्द मिळाला तर चांगलंच आहे, पण झोपायच्या वेळी तो अंगावरचं पांघरूण खेचून काढतो. दोन भाषांच्या घरात माझा नियम आता साधा आहे. मूल झोपेतून रडत उठल्यावर ज्या भाषेत हाका मारतं, त्या भाषेत गोष्ट. तुम्हाला ती नीट येत नसेल तर निदान गोष्टीतलं परत परत येणारं वाक्य तरी त्या भाषेत घ्या.

लांबीबद्दल काय सांगू? माझी गोष्ट चाळीस मिनिटं चालली होती. तीन वर्षांच्या मुलाला पाच-सहा मिनिटं पुरतात.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला नाही. पोराकडेच बघत बसलो. तो टेबलाखाली एक लाल ट्रक फिरवत होता, तोंडाने "घुर्रर्र" चालू होतं, आणि बाकीच्या गाड्या भिंतीला लावून ओळीने उभ्या होत्या. क्रेन, ट्रॅक्टर, रोडरोलर, बस. याला काय आवडतं हे फोनवर विचारायचीही गरज नव्हती. त्या रात्री मी जी गोष्ट रचली तीच तुम्हाला देतो.

एक होता लाल ट्रक. दिवसभर माती वाहून वाहून दमला होता. संध्याकाळी त्याच्या पाठीवर पाच पांघरुणं ठेवली. "जा, सगळ्यांना देऊन ये." पुढे मोठा चढ होता. ट्रक म्हणाला घुर्रर्र, चढवेना. मागे आला, पुन्हा घुर्रर्र, चढवेना. तिसऱ्यांदा जोर लावला आणि चढला एकदाचा वर! वरून बघतो तर पुढे सगळा उतारच उतार. पहिल्या वळणावर क्रेन उभी होती, तिची मान दुखत होती. ट्रक म्हणाला, "घे पांघरूण, विझव दिवे." क्रेनने मान खाली घेतली, दिवे विझवले, झोपली. राहिली चार. ट्रक थोडा हलका झाला, थोडा हळू झाला. पुढच्या वळणावर ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या चाकांना चिखल लागला होता. "घे पांघरूण, विझव दिवे."

पुढचं तुम्ही लावाल. रोडरोलर, मग बस, दर वेळी एक पांघरूण कमी. शेवटचं ट्रकचं स्वतःचं. तो ते ओढून घेतो, एक दिवा विझवतो, मग दुसरा.

यात मी एकच गोष्ट मुद्दाम केली. संकट सुरुवातीला उरकून टाकलं. दिवसा सांगायच्या गोष्टीत ताण वाढत वाढत शेवटाला जातो, आणि रात्रीसुद्धा बहुतेक लोक तसंच करतात. मग मूल शेवटाला टक्क जागं, आणि आपण म्हणतो, "हा झोपतच नाही." रात्रीच्या गोष्टीत चढ पहिल्या दोन मिनिटांत संपला पाहिजे, नंतर फक्त उतार. आकडाही उतरता घ्यायचा. मोजणी वर गेली की पुढे काय होणार याची उत्सुकता वाटते, खाली आली की आता संपणार हे मुलाला कळतं. आवाजही तसाच उतरवायचा. "घुर्रर्र" पहिल्यांदा मोठ्याने, शेवटच्या वळणावर नुसता श्वास. आणि संपल्यावर "कशी होती?" असं विचारायचं नाही. प्रश्न आला की उत्तर द्यायला मूल उठतं.

तो रोडरोलरपाशी झोपला. मी तरी बसपर्यंत आणि ट्रकपर्यंत हळू आवाजात बोलत राहिलो. डोळे नुकतेच मिटलेले असताना आवाज एकदम थांबवला की निदान हे पोरगं तरी डोळे उघडतं, हे मला आदल्या रात्री समजलं होतं.

तुम्ही वय सांगितलेलं नाही, म्हणून ही गोष्ट बरी पडेल. दोन वर्षांच्या मुलाला तीन पांघरुणं पुरे, चढ काढूनच टाका. पाच वर्षांच्याला सात द्या आणि प्रत्येक गाडीला न झोपण्याचं एक कारण द्या. बसला अजून एक प्रवासी यायचा आहे, रोडरोलरला एक खड्डा राहिलाय. पाच वर्षांची मुलं न झोपण्याच्या कारणांत तरबेज असतात, त्यांना ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार मजा येते. गाड्या नको असतील तर प्राणी घ्या, मग दिव्यांऐवजी "मीट डोळे". वाक्य एकच ठेवा आणि त्यातला एक शब्दही बदलू नका.

हे शेवटचं मी उगाच सांगत नाही. ताई परत आल्यावर पोराने रोज ट्रकच मागायला सुरुवात केली. ताईने एकदा ट्रॅक्टर आधी आणि क्रेन नंतर घेतली, तर हा अंधारात उठून बसला, "नाही, आधी क्रेन!" ताईने मला फोन केला, "तू याला काय लावून ठेवलंयस? रोज तेच तेच. काही नवीन नको का शिकायला? आणि तुझ्या गोष्टीला तात्पर्य काय?"

तात्पर्य! मूल झोपलं, हे तात्पर्य नाही का? रात्री साडेनऊला नीती शिकवायला निघालेल्या माणसांबद्दल मला मनापासून राग आहे. दिवसभर "असं करू नये, तसं करू नये" ऐकून पोर दमलेलं असतं, त्यात आता ट्रकनेही तेच सांगायचं. आणि 'तेच तेच' म्हणाल तर 2011 मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं होतं. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा आले होते, तरी एकच गोष्ट ऐकणाऱ्यांना ते जास्त चांगले लक्षात राहिले. म्हणजे शिकवायचंच असेल तरी तेच तेच सांगा. ताईला हे पाठवलं होतं. तिने अंगठा पाठवला. आमच्याकडे याचा अर्थ 'वाचलं नाही'.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुमचं मूल सात-आठचं असेल तर या ट्रकला ते हसेल. त्याला रोज पुढे सरकणारी मोठी गोष्ट सांगा, फक्त त्या रात्रीचा भाग सुटकेपाशी थांबवा, दोरीला लटकलेल्या अवस्थेत नाही. दुसरं, दुपारी उशिरापर्यंत झोपलेल्या मुलावर कुठलीच गोष्ट चालत नाही, माझीही नाही. आणि मूल रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल तर गोष्टी शोधत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

भाचा आता दहा वर्षांचा आहे. ट्रकचं नाव काढलं की लाजतो. ताई मात्र अजूनही सगळ्यांना सांगते की पहिल्या रात्री मामाने पोराला घाबरवून ठेवलं, कारण मामाला गोष्ट सांगताच येत नाही. ताई हे वाचेलच. ताई, तीन वर्षं तीन महिने, गाड्या, बाबांची भाषा, पाच मिनिटं. फोनवर एवढं सांगायला दहा सेकंद लागले असते.