पश्चिमेची खिडकी, छोटी बेडरूम: पडदा की रोलर ब्लाइंड?

प्रश्न: आमची बेडरूम लहान आहे, जेमतेम १० बाय १०. खिडकी पश्चिमेला, दुपारी दोननंतर थेट ऊन पलंगावर येतं. पडदे लावू की रोलर ब्लाइंड? खोली गारही राहायला हवी.

उत्तर: रोलर ब्लाइंड लावा, पण खिडकीच्या चौकटीत न बसवता बाहेर भिंतीवर बसवून घ्या. आणि खोली गार ठेवायचं काम त्याच्यावर सोपवू नका, त्यासाठी काचेच्या बाहेरच काहीतरी टांगावं लागेल. पुण्यात पडदे शिवायचं आणि ब्लाइंड बसवायचं काम मी पंधरा वर्षं करतेय. पश्चिमेच्या खिडकीत बहुतेक जण फसतात ते याच दोन गोष्टींत.

आधी उन्हाचं सांगते. मे महिन्यात पुण्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा वरचा छज्जा खिडकीला पुरतो. पण चार वाजेपर्यंत तो बराच कलतो आणि पाचच्या सुमाराला छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरतो. दीड फुटाच्या छज्ज्याची सावली पाच वाजता खिडकीवर जेमतेम नऊ इंच पडते. चार फूट उंचीच्या खिडकीत उरलेली सव्वातीन फूट काच उन्हातच. म्हणून दक्षिणेच्या खोलीत जे जमतं ते तुमच्याकडे जमणार नाही.

आता चौकटीत का नको ते. तीनेक वर्षांपूर्वी वाकडला एका नर्सताईंच्या बेडरूमचं काम केलं होतं. रात्रपाळी करून त्या दुपारी झोपायच्या. खिडकी ४८ बाय ४८ इंच. दिसायला सुबक म्हणून मी ब्लाइंड चौकटीच्या आत बसवलं, कापड पूर्ण ब्लॅकआउट, गडद तपकिरी. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, म्हणून चार वाजता जाऊन बघितलं. नळीच्या एका टोकाला साखळीची चकती आणि दोन्ही टोकांना ब्रॅकेट असतात, त्यामुळे कापड चौकटीपेक्षा दीडेक इंच अरुंद कापावं लागतं. म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण इंचाची फट. त्या फटीतून आलेली उन्हाची पांढरीशुभ्र पट्टी बरोबर उशीवर पडली होती आणि बाकी खोली अंधारी असल्यामुळे ती जास्तच डोळ्यांत खुपत होती. चूक माझी होती. ते ब्लाइंड काढलं आणि भिंतीवरचं नवीन करून दिलं: रुंदी ५६ इंच, म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच जास्त, उंची ६० इंच, वर सहा आणि खाली सहा. कापड भिंतीला लागून सुटेल अशी गुंडाळी ठेवली. उशीवरची पट्टी गेली. कडेला मंद उजेडाची रेघ राहते तेवढीच, तिने झोपमोड होत नाही.

तुमच्याकडे मापं घेताना स्लायडिंगचं हँडल किंवा लॉक भिंतीच्या पातळीच्या पुढे आलंय का, ते नक्की बघा. आलं असेल तर कापड त्याला घासतं आणि काही महिन्यांत तिथलं कोटिंग जाऊन टाचणीएवढी भोकं दिसायला लागतात. अशा वेळी गुंडाळीच्या पुढच्या बाजूने कापड सोडायला सांगायचं. कडेची फट थोडी वाढते, पण कापड टिकतं.

कापड निवडताना नमुन्याच्या मागे मोबाइलचा टॉर्च लावून बघा. दुकानात ब्लॅकआउट म्हणून दाखवलेल्या पुष्कळ कापडांतून टॉर्चचा गोल स्पष्ट दिसतो. ते नुसतं दाट विणीचं कापड, चांगलं असलं तरी ब्लॅकआउट नव्हे. आणि काचेकडची बाजू पांढरीच हवी, खोलीकडे रंग कुठलाही चालेल. पांढरी पाठ थोडं ऊन काचेतून परत बाहेर टाकते. गडद पाठ ते शोषून घेते आणि स्वतःच तापते. नर्सताईंच्या त्या तपकिरी ब्लाइंडच्या वरच्या कडेपाशी हात धरला, तर कापड आणि काच यांच्यामधून गरम झोत वर येऊन खोलीत पसरत होता. खाली अंधार, वर भट्टी.

पांढऱ्या पाठीनेही हे पूर्ण थांबत नाही, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की त्यातली बरीचशी उष्णता आतच राहते. म्हणून काचेच्या बाहेर, ग्रिलला बांबूची चिक टांगा. सोसायटी चिक लावू देत नसेल तर नर्सरीत मिळणारी ७५ टक्क्यांची शेडनेट ग्रिलच्या आतल्या बाजूने ताणून बांधा. काच आणि चिक यांच्यात पाच-सहा इंच मोकळे ठेवायचे, म्हणजे मधली तापलेली हवा वरून निघून जाते. फरक हाताला कळतो: चार वाजता आतून काचेला हात लावा, एक दिवस चिक सोडून आणि एक दिवस गुंडाळून. चिकेचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी बांधा, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात ती ग्रिलवर आपटत राहते. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा, भिजत राहिली तर बुरशी धरते.

पडद्याला नाही का म्हणते? घेरामुळे. ६० इंचांच्या रॉडला पडदा नीट पडायला दुप्पट, म्हणजे १२० इंच कापड लागतं. ४८ इंची पन्ह्याचे तीन पट्टे झाले. ते बाजूला सारले की दोन्हीकडे आठ-दहा इंचांचा गठ्ठा होतो. १० बाय १० मध्ये खिडकीला लागूनच कपाट असतं, नाहीतर पलंगाची कड असते. गठ्ठा मग काचेवरच राहतो, सकाळचा उजेड अडवतो आणि पलंगाच्या बाजूचा पडदा गादीखाली दाबला जातो. शिवाय आयलेटचा पडदा वर रॉडपाशी आणि कडेला भिंतीपाशी उघडाच राहतो, पश्चिमेचं ऊन तिथून येतं.

एका बाबतीत मात्र मी पडदाच सुचवेन. दुपारी खिडकी उघडी ठेवून वारा घेत झोपायची सवय असेल, तर ब्लाइंड त्रास देईल. वारा आला की खालची पट्टी भिंतीवर टकटक आपटते. त्या घरांत मी छतालगत ट्रॅक लावते आणि पडद्याला पांढरं अस्तर देते. घेर दुपटीऐवजी दीडपट ठेवते, म्हणजे गठ्ठा लहान होतो. एसी लावून खिडकी बंद ठेवणार असाल तर हा प्रश्नच येत नाही.

घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडची साखळी लोंबती ठेवू नका, गळ्यात अडकून जिवावर बेतू शकतं. ती भिंतीला ताणून धरणारी क्लिप मिळते. फिटिंगवाला घरात असतानाच ती स्क्रूने बसवून घ्या आणि पलंग किंवा पाळणा साखळीच्या बाजूला येणार नाही असं बघून साखळी डावीकडे की उजवीकडे ते ऑर्डर देतानाच सांगा.