हप्त्याचं स्मरणपत्र: आधी तारीख, मग परिणाम

तुमचा मसुदा वाचला. मुदत विम्याच्या या पत्राची सुरुवात ‘हप्ता थकला आहे, विमा रद्द होईल’ अशी आहे. वाचणारा तिथेच घाबरतो आणि पुढची कामाची ओळ वाचतच नाही. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- ‘सवलतीचा कालावधी 30 दिवस’ असं नुसतं लिहू नका, शेवटची तारीख लिहा. हप्ता 5 जूनला देय असेल, तर 5 जुलै. दिवस मोजायचं काम ग्राहकावर टाकलं की चुका होतात.
- या काळात संरक्षण चालू आहे का, ते स्पष्ट सांगा. नवे लिहिणारे नेमकं हेच विसरतात. मात्र आधी पॉलिसीची कलमं वाचा, कारण सगळ्या विम्यांत नियम सारखा नसतो.
- परिणाम एकदाच आणि सरळ शब्दांत लिहा. ठळक लाल अक्षरं, उद्गारचिन्हं काढून टाका.

मी असं लिहीन:

‘आपला हप्ता 5 जूनला देय होता. तो 5 जुलैपर्यंत भरता येईल. तोपर्यंत आपलं विमा संरक्षण चालू आहे. त्यानंतर पॉलिसी बंद पडेल आणि पुढे काही घडल्यास दावा मिळणार नाही. ती पुन्हा सुरू करण्यासाठी थकीत हप्ते व्याजासह भरावे लागतील, कदाचित आरोग्य तपासणीही लागेल.’

‘कदाचित’ मुद्दाम ठेवलाय, कारण तपासणी प्रत्येकाला लागत नाही. पुनरुज्जीवनाचे बाकी नियम या पत्रात नकोत. लगेच खाली रक्कम आणि भरण्याचा मार्ग द्या.