घरगुती डब्यासाठी पोस्ट कधी आणि केवढी?

घरगुती डबे देते. इन्स्टाग्रामवर कधी, किती वेळा टाकू? कॅप्शन केवढं लिहू?

नोंद कधी बंद होते, तिथून उलटं मोजा. उद्याच्या डब्याची नोंद रात्री १० ला थांबत असेल, तर मेनू संध्याकाळी ७ ला, रविवार ते गुरुवार रोज, पण स्टोरीतच टाका. स्टोरी २४ तासांनी जाते. फीडमधली पोस्ट मात्र दोन-तीन दिवसांनीही लोकांना दिसते आणि सोमवारची भरली वांगी बुधवारी कुणीतरी मागतं. स्टोरीवर एकच ओळ पुरे: ‘उद्या भरली वांगी, भाकरी, वरण-भात. नोंद १० पर्यंत.’

फीडवर आठवड्याला दोनच पोस्ट टाका. रविवारी सकाळी ११ ला आठवड्याचा मेनू, तारखांसकट, तीन-चार ओळींत. फीडमध्ये साधारण १२५ अक्षरांनंतर कॅप्शन कापलं जातं, म्हणून भाव आणि नोंदीची वेळ पहिल्याच ओळीत हवी. बुधवारी रात्री ९ ला निवांत वाचण्यासारखं, ८०-१०० शब्दांचं: काळा मसाला कसा भाजता, तेल कोणतं वापरता. नवं गिऱ्हाईक नंबर घेण्याआधी हेच वाचतं.

चार आठवडे वेळ बदलू नका. लाइक्सपेक्षा पोस्टनंतरच्या तीन तासांत किती डबे नोंदले गेले ते वहीत लिहा, मग एकच वेळ तासाभराने सरकवून बघा.