नववीच्या मुलांना बल कळलंय की पाठ केलंय, हे कसं ओळखायचं?

*प्रश्न: बेळगावात मराठी माध्यमाला विज्ञान शिकवते. बल आणि गतीची उत्तरं मुलं बरोबर देतात, पण समजलंय का ते कसं ओळखू?*

उत्तराखालीच कारण निवडायला लावा आणि दोन्ही बरोबर असतील तरच गुण द्या. उदाहरणार्थ, सरळ वर फेकलेला चेंडू अगदी वरच्या टोकाला असताना त्यावर बल कोणतं? (हवेचा विरोध सोडा.)

उत्तर: (अ) शून्य (आ) फक्त खाली (इ) वर आणि खाली समान

कारण:
१. वेग शून्य, म्हणून बल शून्य
२. हाताचा जोर सरला, आता गुरुत्वाकर्षण लागू झालं
३. हात सुटल्यापासून फक्त गुरुत्वाकर्षणच आहे
४. जोर आणि वजन इथे सारखे झाले

बरोबर जोडी आ-३. पण खरी पकड आ-२ मध्ये आहे. साध्या परीक्षेत या मुलाला पूर्ण गुण मिळाले असते, आणि त्याच्या मते मात्र हाताचं बल चेंडूसोबत वर जातंय. त्यालाच चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाचं बल विचारा, ‘वरच्या दिशेला’ म्हणेल. निपाणीकडच्या माझ्या वर्गात ‘जोर सरला’ हे सर्रास ऐकू येतं. कारणांचे पर्याय असे मुलांच्याच वहीतून घ्यावेत, पुस्तकी भाषेतलं कारण मुलं वासावरून ओळखतात. एका प्रश्नावर निकाल मात्र देऊ नका, अंदाजानेही बारांतून एकदा जोडी जुळते.