कस्टमर कॉलच्या ट्रान्स्क्रिप्टमधून सेंटिमेंट, रिन्यूअलची रिस्क आणि कस्टमरने मागितलेली फीचर्स थोडक्यात कशी काढायची?

सेंटिमेंट संपूर्ण कॉलचे लिहू नका, माणसागणिक लिहा. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच मुद्द्यावरून माझा तेव्हाच्या वरिष्ठांशी झालेला वाद माझ्यापुरता अजून मिटलेला नाही.

मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत कस्टमर सक्सेसचे काम पाहत होतो आणि आमचे उत्पादन गोदामातील मालाची नोंद ठेवण्याचे होते. एका ग्राहकाकडे 120 लायसन्स होती. करार संपायला 77 दिवस उरले होते आणि तो पुढे चालू ठेवायचा नसल्यास 60 दिवस आधी लेखी कळवण्याची अट होती, म्हणजे हाती खरे तर 17 दिवसच होते. तिमाही आढाव्याच्या कॉलवर त्यांचे ऑपरेशन्सचे प्रमुख 42 मिनिटे आमचे कौतुक करत होते. आमच्या सपोर्टच्या मुलीचे तर त्यांनी नाव घेऊन आभार मानले. ट्रान्स्क्रिप्ट वरवर वाचणाऱ्या कोणीही ‘पॉझिटिव्ह’ असेच लिहिले असते.

मात्र 31व्या मिनिटाला दोन वाक्ये होती: “जुना सगळा डेटा एकदम काढायचा झाला तर कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळतो?” आणि लगेच, “नोटीसची तारीख काय आहे ते एकदा मेल करून ठेवा.” ग्राहकाकडची मंडळी एकाच खोलीत एका माइकसमोर बसलेली असल्यामुळे ट्रान्स्क्रिप्टमध्ये त्या सर्वांच्या नावाच्या जागी ‘मीटिंग रूम’ एवढेच छापले होते. त्यामुळे ही वाक्येही कौतुक करणाऱ्या गृहस्थांच्याच खात्यावर जमा झाली होती आणि पहिले वाक्य तर आमच्या सारांशात ‘बल्क एक्स्पोर्ट हवा’ अशा फीचर रिक्वेस्टच्या रूपाने जाऊन बसले होते. मी रेकॉर्डिंग ऐकले, तेव्हा आवाज खरेदी विभागातील माणसाचा निघाला. सुरुवातीला नाव सांगण्यापलीकडे तोपर्यंत तो काही बोललाच नव्हता. पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. प्रमुख सुरुवातीला “आम्हाला हा रिपोर्ट लागतो” असे म्हणत होते, तर शेवटी “पुढच्या तिमाहीत त्यांना हे बघावे लागेल” असे म्हणाले. आपल्याच विभागाला ‘त्यांना’ म्हणणारा माणूस बहुधा तिथून निघालेला असतो, आणि आमच्या बाजूने बोलणारे तेवढे एकच होते.

म्हणून मी सारांश असा लिहिला: ऑपरेशन्स प्रमुख समाधानी, पण त्यांचे समाधान मुख्यतः सपोर्टबद्दल आहे, खरेदी विभाग थंड, 31व्या मिनिटाला डेटा आणि नोटीस यांची चौकशी, प्रमुखांची बदली होत असावी, खात्री करणे. दोन्ही वाक्ये मिनिटासह जशीच्या तशी उतरवली आणि माझा अंदाज वेगळ्या ओळीत ठेवला, कारण अंदाज चुकला तरी वाक्य खोटे ठरत नाही. वरिष्ठांनी त्या सगळ्याचे ‘पॉझिटिव्ह, रिस्क लो’ करून टाकले. त्यांच्या मते रकाना एका शब्दाचा होता आणि मी शंकेखोर होतो.

फीचर्सबद्दल थोडक्यात सांगतो. ग्राहकाने स्वतःहून काढलेला विषय आणि आपण “असे असते तर चालेल का?” असे विचारल्यावर आलेले “हो, चालेल” यांची सरमिसळ करू नका, दुसरी गोष्ट मागणी नसून सौजन्य असते. मागणीसोबत ते आज काय करतात हेही लिहा. याच ग्राहकाचा सुपरवायझर रोज संध्याकाळी शिल्लक मालाची यादी छापून आकडे पुन्हा एक्सेलमध्ये भरत असे. ‘रिपोर्ट सुधारा’ असे लिहिले असते, तर प्रॉडक्ट टीमला यातले काहीच कळले नसते.

डेटा कसा काढायचा हे विचारणारा प्रत्येक ग्राहक निघालेला नसतो, हेही मान्य करायला हवे. ऑडिटच्या दिवसांत हा प्रश्न सहज येतो, म्हणून फोन करून विचारावे. प्रत्येक कॉलचे रेकॉर्डिंग ऐकणेही शक्य नसते. मी पैसे, नोटीस, डेटा आणि माणसांची बदली यांच्या उल्लेखांच्या मागेपुढे दोन-दोन मिनिटे ऐकतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलले गेले असेल तर ट्रान्स्क्रिप्टमधून एखादा ‘नाही’ गळूनही पडतो, त्यामुळे ज्या वाक्यावर रिस्क ठरणार आहे ते तरी कानांनी ऐकावेच.

त्या ग्राहकाने करार मोडला नाही. 120 लायसन्सवरून तो 45 वर आला. “गेला तर नाही ना?” असे वरिष्ठ सर्वांसमोर म्हणाले आणि त्यांच्या तक्त्यात ते खाते हिरवेच राहिले. तुमच्याकडेही कोणी एकच शब्द मागत असेल, तर करारावर सही करणाऱ्या माणसाच्या सेंटिमेंटचा शब्द द्या आणि शेजारी लायसन्सच्या आकड्यासाठी एक रकाना मागून घ्या. मी तो मागितला होता, पण मिळाला नाही.