नोंद रोजची, तरी काटा जागचा हलत नाही

“मॅडम, ॲपवर रोज सगळं लिहितो, आकडा कधी ओलांडत नाही, तरी वजन उतरत नाही. ॲप बंद करून आहारतज्ज्ञाकडे जाऊ का?”

सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या नोकरदारांपैकी अनेकांची तक्रार हीच असते. त्यांपैकी एका गृहस्थांची गोष्ट येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ४३, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, आणि काम मार्केट यार्डातील हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहिण्याचे. ॲपमध्ये त्यांनी ‘आठवड्याला १ किलो’ हा वेग निवडला होता, म्हणून ॲपने त्यांना दिवसाला १५०० कॅलरींची मर्यादा घालून दिली होती.

पहिल्या भेटीत मी त्यांना वजनाविषयी काहीच विचारले नाही. फक्त भाकरी कशी लिहिता, एवढेच विचारले.

“एक भाकरी, दोन भाकरी. ॲपमध्ये तयार नोंद आहे ना.”

“तिच्यात पीठ किती धरले आहे?”

त्यांनी फोन काढून पाहिले. ॲपमधील भाकरी ३० ग्रॅम पिठाची, म्हणजे सुमारे १०० कॅलरींची होती. घरी एका भाकरीला किती पीठ लागते, ते पाणी घालण्यापूर्वी एकदा मोजून पाहा, असे मी सुचवले. पुढच्या भेटीत ते आले ते थोडे ओशाळूनच. घरची भाकरी ८० ग्रॅमची निघाली होती. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३५ कॅलरी असतात, म्हणजे एका भाकरीमागे सुमारे १७० कॅलरी नोंदीबाहेर राहत होत्या आणि दिवसाच्या तीन भाकऱ्यांत तो फरक ५०० पर्यंत जात होता. आठवड्याला अर्धा किलो उतरवायला रोज जेवढी तूट लागते, जवळजवळ तेवढाच हा आकडा.

ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग स्वतःच म्हणाले, “म्हणजे किर्द रोज लिहिली, पण माल तोललाच नाही.”

त्या एका वाक्याने त्यांची स्वतःवरची चीड निवळली, असे मला वाटते. तोवर ते स्वतःला खादाड आणि कच्च्या मनाचे समजत होते. मी निग्रहापेक्षा परिस्थितीवर अधिक विश्वास ठेवणारी समुपदेशक आहे. चुकलेले माप दुरुस्त करता येते, स्वभावाला दोष देऊन मात्र हाती काहीच लागत नाही.

यानंतर मी त्यांना एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले, कारण मापाची चूक सुधारली तरी दिवसाची घडी ॲपला दिसत नव्हती. सौदे लांबले की डबा दोनला उघडायचा आणि रात्रीचे जेवण नऊला. मधले सात तास पोटात फक्त चहा. घरी पोहोचताच उभ्या उभ्या भडंगाच्या डब्यात हात जायचा आणि ते खाणे कधीच लिहिले जायचे नाही. बाईंनी भडंग बंद करायला सांगितले नाही. साडेपाचला पेढीवरच ३० ग्रॅम फुटाणे आणि ग्लासभर ताक, रात्री आधी वाटीभर उसळ व भाजी आणि मग एकच भाकरी, एवढा बदल केला. १५०० ची मर्यादा त्यांनी १७०० वर नेली आणि वेग अर्ध्या किलोवर आणला. खाणे वाढवून वजन कसे उतरणार, असा प्रश्न घेऊन गृहस्थ पुन्हा माझ्याकडे आले होते. पण खरे मोजलेले १७०० हे न मोजलेल्या १५०० पेक्षा कमीच भरत होते.

माझे काम उरले ते कोऱ्या दिवसांचे. लग्नकार्याच्या किंवा रविवारच्या मटणाच्या दिवशी ॲपमधला आकडा लाल होई, म्हणून ते त्या दिवशी नोंदच करत नसत. अशा दिवशी कॅलरी लिहू नका, फक्त वेळ आणि पदार्थ लिहा, असे आम्ही ठरवले. वजन रोज सकाळी करायचे, पण पाहायची आठवड्याची सरासरी. कारण खारट जेवणानंतर अंगात साठलेल्या पाण्याने काटा एका रात्रीत किलोभरही वर जातो आणि त्यात चरबी वाढलेली नसते.

सहा महिन्यांत ते ८५ किलोवर आले. ॲप आजही चालू आहे. त्यात ‘घरची भाकरी, ८० ग्रॅम’ अशी स्वतःची नोंद त्यांनी करून ठेवली आहे.

म्हणून मी असे सांगते की, प्रकृती ठीक असेल आणि जेवणाच्या वेळा पक्क्या असतील, तर आधी पंधरा दिवस पीठ, तेल आणि दाण्याचे कूट मोजून ॲप वापरून पाहावे. मापे बरोबर असूनही महिनाभर सरासरी हलली नाही, किंवा कामाच्या वेळा रोज बदलत असतील, तर आहारतज्ज्ञाचे शुल्क वाया जात नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र ॲपच्या आकड्यावर जेवण कमी करू नये. खाणे घटले आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर अचानक खाली जाऊ शकते. तेथे आधी डॉक्टर, मग आहारतज्ज्ञ आणि त्यानंतर ॲप, हाच क्रम ठेवावा.